जिन्यातल्या सामानाबद्दल सेक्रेटरीचं पत्र

गृहनिर्माण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षं एक ओळ लटकत असते: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की जिन्यात व लॉबीत सामान ठेवू नये. अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ खाली सेक्रेटरीची सही आणि सोसायटीचा शिक्का. पत्राखालीच कुणाची तरी जुनी सायकल उभी असते आणि ती तिथेच राहते. रहिवासी बेफिकीर आहेत असं म्हणून हा विषय संपत नाही. त्या ओळीत नेमकं काय उचलायचं, कुठे न्यायचं, कधीपर्यंत आणि का, यातलं काहीच नसतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे शेजारच्या कपाटाबद्दल असेल; माझा चपलांचा स्टँड म्हणजे काही सामान नव्हे.

म्हणून पत्र लिहिण्याआधी सेक्रेटरीने हातात मेजरिंग टेप घेऊन गच्चीपासून तळमजल्यापर्यंत उतरावं. सोबत कमिटीतला एक सभासद आणि वॉचमन असावा, वही असावी. सात मजल्यांच्या, मजल्यावर चार घरं असलेल्या साध्या इमारतीचं उदाहरण घेऊ. तिसऱ्या मजल्यावर लॉबीची रुंदी भरते १२० सेंटीमीटर. एका दाराबाहेर चपलांचा स्टँड आहे, तो भिंतीपासून ३५ सेंटीमीटर पुढे येतो. त्याच्यापुढे रोजच्या वापरातल्या चपला पसरलेल्या, त्या आणखी २५. उरले ६०. समोरच्या दाराबाहेरही तसाच स्टँड आहे, त्याचे ३५ वजा केले की मधली वाट २५ सेंटीमीटरची. मोठ्या माणसाचे खांदे साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतात. म्हणजे त्या मजल्यावरून जिन्याकडे जाणारा प्रत्येक जण रोज चपलांवर पाय ठेवून किंवा अंग तिरकं करून जातो आणि त्याची इतकी सवय झालेली असते की अडचण आहे हेच कुणाला जाणवत नाही.

ही अडचण दिसते ती रात्री कुणाची छाती दुखू लागते तेव्हा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. मग पेशंटला खुर्चीत बसवून, एकाने मागून आणि एकाने पुढून धरून जिन्याने उतरवतात. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर पुढच्या माणसाला उलटं चालत वळावं लागतं, तेव्हा त्याला पायाखालचं दिसत नसतं. नेमकं त्याच वळणावर, कुणाच्याच दारासमोर नसलेल्या त्या चौकोनात, कुंड्या, मोडकी खुर्ची, मुलाची लहानपणीची सायकल, रद्दीचा गठ्ठा असं सगळं जमलेलं असतं. ही जागा कुणाची नाही म्हणून ती सगळ्यांची अडगळ होते.

आगीचं कारण वेगळं आहे आणि ते पत्रात नीट सांगायला हवं, कारण ‘आगीचा धोका’ एवढं म्हटल्याने कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. उरतो जिना. पण जिन्याची पोकळी तळापासून गच्चीपर्यंत सलग असते, त्यामुळे खाली काही पेटलं तर गरम धूर त्यातून धुरांड्यासारखा वर चढतो. बहुतेक माणसं आगीत जळण्याआधी धुराने गुदमरतात. चपलांचं रबर, खुर्चीतला फोम, प्लॅस्टिकच्या बादल्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल यांचा धूर काळा आणि विषारी असतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही. वीज गेलेली असते. माणूस कठडा धरून, वाकून, अंदाजाने उतरतो. अशा वेळी पायाच्या उंचीवर पडलेली प्रत्येक वस्तू त्याला पाडू शकते आणि तो पडला की मागचे सगळे अडकतात.

६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे मुंबईत गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या पुनर्वसनाच्या इमारतीत हेच भयानक रीतीने घडलं. तळाच्या पार्किंगमध्ये आग लागली, तिथे वाहनं होती आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे साठवलेले होते. माणसं वर घरांत झोपलेली होती. धूर वर पसरला, किमान सात जण गेले आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. ती आग कुणाच्या घरात लागलेली नव्हती. खालच्या सामायिक जागेत जे साठतं त्याची किंमत वरच्या मजल्यावरचा माणूस मोजतो, ही गोष्ट प्रत्येक सेक्रेटरीने त्या दुर्घटनेतून उचलावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच फेरीत सर्वांत जास्त वेळ तळमजल्यावर द्यावा. अनेक जुन्या इमारतींत विजेचे मीटर जिन्याखालीच असतात. शॉर्ट सर्किटची ठिणगी पडण्याची ही जागा, आणि तिथेच झाडूवाल्याचे खराटे, रंगाचे अर्धवट डबे, जुन्या बॅनरच्या घड्या कोंबलेल्या सापडतात. हे सामान बहुतेक वेळा सोसायटीचंच असतं. ते कमिटीने आधी हलवावं, मगच सभासदांना पत्र लिहावं. नाहीतर पहिल्याच माणसाचा पहिला प्रश्न तोच असेल. अलीकडे इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी जिन्याजवळच्या प्लगवर रात्रभर चार्ज करणं वाढलं आहे. लिथियम बॅटरी पेटली तर ती लवकर विझत नाही, विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर तिला जागा नाही. वर गच्चीचं दार कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडे आहे, हेही त्याच फेरीत वहीत लिहावं.

फेरी झाली की पत्र लिहायला सोपं जातं. ते साधारण असं असावं:

‘सप्रेम नमस्कार. कमिटीने रविवारी ए विंगच्या जिन्याची व लॉबीची पाहणी केली. तिसऱ्या मजल्यावर चालण्यासाठी केवळ २५ सेंटीमीटर वाट उरली आहे. चौथ्या व पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक लोखंडी कपाट, दोन कुंड्या व एक सायकल आहे. जिन्याखालील सोसायटीचे सामान आम्ही कालच हलवले आहे. आपल्या घराबाहेरील वस्तूंची यादी सोबत जोडली आहे. येत्या १५ दिवसांत त्या घरात घ्याव्यात किंवा काढून टाकाव्यात. पुढील दोन्ही रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत भंगारवाला गेटपाशी येईल; जड वस्तू खाली आणण्यासाठी दोन माणसे सोसायटीच्या खर्चाने दिली आहेत. वापरातल्या सायकलींसाठी पार्किंगच्या मागील भिंतीलगत स्टँड बसवला आहे. कोणती वस्तू कोणाची हे ठाऊक नसल्यास किंवा काही अडचण असल्यास संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत कार्यालयात भेटावे.’

यात धमकी नाही, पण सुटायला फटही नाही. वस्तूचं नाव आहे, मजला आहे, तारीख आहे. वाटेचं माप दिलेलं आहे, त्यामुळे ‘आमच्यामुळे कुणाला काय त्रास’ हा वाद उभाच राहत नाही. घरांची यादी प्रत्येकाला स्वतंत्र द्यावी. बोर्डावर फ्लॅट नंबर टाकून कुणाची शोभा करू नये. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर एक प्रत भाडेकरूला आणि एक मालकाला जावी, कारण भाडेकरू सांगतो कपाट मालकाचं आहे आणि मालक पुण्यात किंवा परदेशात असतो.

सायकलच्या स्टँडची ओळ मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते. चारशे चौरस फुटांच्या घरात पाच माणसं राहतात, तिथे सायकल आत घ्या म्हणणं सोपं, घेणं अवघड. लोक लॉबी वापरतात ते बहुतेकदा जागेच्या टंचाईने. रोज लागणाऱ्या वस्तूला सोसायटीने पर्याय दिला की उरतं ते सगळं न लागणारं, आणि ते टाकायला माणूस लवकर तयार होतो. चपलांना मात्र बाहेर पर्याय नाही, त्या दाराच्या आतच ठेवायच्या. दारावरच्या तुळशीच्या कुंडीवरून भांडणं होतात. तिला बाल्कनीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर जागा करून द्यावी, आणि हे बोलणं समोरासमोर, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांशी करावं.

पंधरा दिवसांनी पुन्हा टेप घेऊन तीच फेरी करावी. बहुतेक सामान गेलेलं असतं; दोन-तीन घरं उरतात. कुणी लॉबीचा तुकडा आत घेऊन सेफ्टी डोअर पुढे सरकवलेलं असतं, कुणी ऐकतच नाही. इथे सेक्रेटरी चिडून वॉचमनकरवी सामान रस्त्यावर ठेवतो आणि प्रकरण पोलीस चौकीत जातं. तसं अजिबात करू नये. सामान दुसऱ्याच्या मालकीचं आहे. फोटो काढून, तारखेसह पंचनामा करावा, कमिटीत ठराव घ्यावा आणि त्या सभासदाला स्वतंत्र नोटीस देऊन पोच घ्यावी. राज्यातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामायिक जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला ते काढावं लागतं आणि जितके महिने ते होतं तितक्या महिन्यांसाठी मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरावी लागते. देखभाल महिन्याला २,५०० रुपये असेल तर महिन्याला १२,५०० रुपये. आपल्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारले आहेत का, ते आधी तपासावं आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा. सभेने मंजूर केलेली आकारणी बिलात आली की कपाट सहसा हलतं.

तरीही नाही हललं तर अग्निशमन दलाला लेखी कळवता येतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीची अग्निसुरक्षा ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे. दल पाहणी करून नोटीस देऊ शकतं. पण ही नोटीस सोसायटीच्याही नावाने येते, हे कमिटीने ध्यानात ठेवून आपलं घर आधी नीट करावं.

याच कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. एजन्सीचा माणूस होजरील आणि पंप तपासायला येतो तेव्हा त्याच्यासोबत सेक्रेटरीने प्रत्येक मजल्यावर जावं. होजरीलच्या पेटीसमोर कुंडी असेल तर दार पूर्ण उघडत नाही, हे त्याच्यासमोरच कळतं. तीच वही, तोच टेप सोबत असेल तर वर्षातून दोनदा सामानाची फेरीही होऊन जाते, आणि पत्राची भाषा दर वेळी थोडी अधिक लहान करता येते.