बेरीज करणाऱ्या यंत्राच्या तीन अवस्था

अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली आपल्या शोधनिबंधात कागदावर आकडेमोड करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. मुलांच्या गणिताच्या वहीत असतात तशा चौकटींचा कागद त्याने एका ओळीवर आणला, आणि हवी तेवढी लांब पट्टी तयार झाली. यंत्राचे हेड एका वेळी पट्टीची एकच चौकट वाचते, तिथे काही लिहिते किंवा खोडते आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. आपण कुठवर आलो याची आठवण त्याच्या ‘अवस्थे’त असते. त्याला दुसरी स्मृती नाही.

अशा यंत्राला २ + १ करायला सांगू. संख्या रेघांनी लिहायची, भिंतीवर दुधाचा हिशेब ठेवतात तशी: दोन म्हणजे १ १, एक म्हणजे १, मध्ये + आणि दोन्ही टोकांना रिकाम्या चौकटी. बेरीज म्हणजे दोन्हीकडच्या रेघा सलग करणे. त्यासाठी + च्या जागी १ लिहिला की पुरे. पण त्यामुळे एक रेघ जास्त होते, म्हणून शेवटची खोडायची.

अवस्था ‘अ’मध्ये १ दिसला तर उजवीकडे सरका, + दिसला तर तिथे १ लिहा, उजवीकडे सरका आणि ‘ब’मध्ये जा. ‘ब’मध्ये १ ओलांडत राहा; रिकामी चौकट लागली की एक घर मागे या आणि ‘क’मध्ये जा. ‘क’मध्ये १ खोडा आणि थांबा.

हेड कंसातल्या चौकटीवर आहे:

```
अ     [१] १  +  १  _
अ      १ [१] +  १  _
अ      १  १ [+] १  _
ब      १  १  १ [१] _
ब      १  १  १  १ [_]
क      १  १  १ [१] _
थांब   १  १  १ [_] _
```

सहा पावलांत तीन रेघा. शेवटचे खोडणे विसरले तर प्रत्येक उत्तर एकाने जास्त येते. ही चूक पकडायला पट्टीवर नुसता + ठेवावा, म्हणजे ० + ०. बरोबर यंत्र पट्टी कोरी करते, चुकलेले एक रेघ मागे ठेवते.

आता नियम पुन्हा पाहा. ‘अ’ आणि ‘ब’ दोघेही १ दिसला की उजवीकडेच जातात. मग दोन अवस्था कशाला? + पुसल्यावरही ‘अ’मध्येच राहिले आणि रिकाम्या चौकटीवरून तिथूनच मागे वळले, तरी २ + १ चे उत्तर तीनच येते. पण या छोट्या यंत्रापुढे + नसलेल्या नुसत्या तीन रेघा ठेवल्या, तर ते शेवटची खोडून दोन हे उत्तर देते. १ + १ + १ ठेवले तर दोन्ही + च्या रेघा करते, खोडते मात्र एकच, आणि चार सांगते. आपले तीन अवस्थांचे यंत्र दोन्ही वेळा अडते. पहिल्या वेळी ‘अ’मध्ये रिकामी चौकट लागते, दुसऱ्या वेळी ‘ब’मध्ये +, आणि त्यासाठी नियमच नसतो. + एकदा येऊन गेला, एवढीच गोष्ट ‘ब’ लक्षात ठेवते.