बारावीनंतर तीन वाटा : आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट की ऑप्टोमेट्रिस्ट?

पिरंगुटच्या एका वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो होतो. आई कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, वडील गवंडी, मुलगी बारावी सायन्सला. आईने विचारले, "ताई, नर्सिंगशिवाय दुसरे काय आहे? शिकून स्वतःचे काहीतरी टाकता येईल असे?" मुलीने तीन नावे लिहून ठेवली होती : डाएटिशियन, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री. त्या दिवशी त्यांच्या घरी बसून जे बोललो, तेच येथे मांडतो.

आधी काम समजून घेऊ. आहारतज्ज्ञ मधुमेह, डायलिसिस, गरोदरपणातील रक्तक्षय अशा रुग्णांना काय व किती खायचे ते ठरवून देतात. लकवा, हाड मोडणे, सांधा बदलणे, कंबरदुखी यांनंतर शरीर पुन्हा कामाला लावतात ते फिजिओथेरपिस्ट. ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्यांचा नंबर काढतात, चष्मा-लेन्स देतात आणि काचबिंदू किंवा मोतीबिंदूची शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतात. शस्त्रक्रिया त्यांनी करायची नसते.

आता वर्षे. फिजिओथेरपीची पदवी महाराष्ट्रात साडेचार वर्षांची आहे, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची असल्याने ती पाच वर्षांवर जाते. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत यासाठी 'नीट' द्यावी लागते आणि बारावीला जीवशास्त्र लागते. पदवीनंतर राज्य परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

ऑप्टोमेट्रीची पदवी साधारण चार वर्षांची, शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. आहारशास्त्राची पदवी तीन वर्षांत होते म्हणून ती सोपी वाटते, पण नुसत्या पदवीवर मोठे रुग्णालय सहसा घेत नाही. पुढे पदव्युत्तर पदविका किंवा एम.एस्सी., मग रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची 'आर.डी.' परीक्षा. सगळे धरले तर पाच-साडेपाच वर्षे होतात. म्हणजे कागदावरची सर्वांत छोटी वाट चालायला घेतली की सर्वांत लांब निघते.

सुरुवातीच्या पगारात मोठा फरक नाही. पुणे भागात नव्या मुलांना तिन्ही क्षेत्रांत साधारण १५ ते २५ हजारांच्या आसपास नोकरी मिळते. खरा फरक पडतो तो स्वतःचा व्यवसाय टाकताना, म्हणून त्या आईसमोर आम्ही वहीवर हिशेब मांडला. आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या गावचे भाडे व फी घालून तुम्हीही तो मांडून पाहा.

समजा, पिरंगुटमध्ये एक गाळा घेऊन फिजिओथेरपी केंद्र टाकले. खाट, शेक देणारी अल्ट्रासाऊंड व आय.एफ.टी. यंत्रे, दोरी-पुलीचे साहित्य यासाठी २ लाखांचे कर्ज. त्याचा हप्ता ७ हजार. भाडे १० हजार, मदतनीस ७ हजार, वीज व किरकोळ ३ हजार. महिन्याचा खर्च झाला २७ हजार. एका बैठकीचे २५० रुपये धरून रोज आठ रुग्ण, महिन्यात २५ दिवस, तर जमा ५० हजार. हाती उरतात २३ हजार. पण रोज पाचच रुग्ण आले तर जमा ३१,२५० आणि हाती फक्त ४,२५०. तीन रुग्णांच्या फरकाने घर चालते किंवा थांबते.

आता उलट बाजूने बघू. रोज आठ म्हणजे महिन्याला २०० बैठका. एका रुग्णाला दहा बैठका लागतात असे धरले तर दर महिन्याला २० नवे रुग्ण हवेत. ते कोठून येणार? बहुतेक हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. नव्या मुलांकडे कोणी चिठ्ठीमागे 'कट' मागतो. तो दिला की २५० चे २०० होतात आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. शिवाय दुखणे थांबले की रुग्ण पाचव्या बैठकीलाच येणे बंद करतो. म्हणून आम्ही सांगतो, पहिली दोन वर्षे रुग्णालयात नोकरी करा आणि संध्याकाळी घरी जाऊन लकव्याचे, गुडघा बदललेले रुग्ण करा. त्याला गाळा लागत नाही, आणि ओळख तयार झाल्यावर गाळा घेता येतो. या कामाची मर्यादा हातांची आहे. एका रुग्णाला अर्धा तास लागतो, त्यामुळे दिवसाला बारा-पंधराच्या पुढे एकटीला जमत नाही. पुढची वाढ हवी तर दुसरी फिजिओथेरपिस्ट नेमावी लागते.

ऑप्टोमेट्रीचे गणित वेगळे आहे. नंबर काढण्याची फी थोडी, कमाई चष्म्यावर. भांडवल जास्त लागते : ट्रायल बॉक्स, रेटिनोस्कोप, स्लिट लॅम्प, जमल्यास ऑटोरेफ्रॅक्टोमीटर आणि फ्रेमचा माल. विकला न गेलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. पण येथे गिऱ्हाईक परत येते. चाळिशी लागलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला आज सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून चष्मा लागतो, काही वर्षांनी तिचा नंबर पुन्हा वाढतो, मग मुलांना घेऊन ती तुमच्याकडेच येते. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे कठीण गेली तरी नंतर तेवढ्याच तासांत उत्पन्न वाढत जाते.

आहारतज्ज्ञाला यंत्र लागत नाही, एक टेबल पुरते. अडचण अशी की "काय खायचे ते आम्हाला कळते" म्हणून वस्तीत त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. स्वतंत्र व्यवसाय हिंजवडी-बावधनसारख्या पगारदार भागात चालतो, तोही नाव झाल्यावर. म्हणून येथे रुग्णालयातली नोकरी हाच पाया धरावा.

शेवटी कागद. राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र लागते. शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असेल तर वडील-आजोबांचे जुने जातीची नोंद असलेले कागद शोधावे लागतात, त्यात महिने जातात. अर्ज बारावीत असतानाच करा. भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. अभिमत विद्यापीठात पैसे भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयातून लेखी खात्री करा. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेचाही अर्ज भरा.

आणि कोणी "सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट" किंवा "तीन महिन्यांत डाएटिशियन" करून देतो म्हणाला, तर दोनच प्रश्न विचारा : पदवी कोणत्या विद्यापीठाची? नोंदणी कोठे होणार? उत्तर फिरवले की उठून या.

त्या मुलीने ऑप्टोमेट्री आणि फिजिओथेरपी अशा दोन्ही नावांवर खूण केली आहे. 'नीट'चा निकाल येईपर्यंत वैधतेचा अर्ज भरायचे काम आईने अंगावर घेतले आहे.