लिडगेट नेमका कधी बदलला?

मोठ्या कादंबरीतल्या नायकावर निबंध लिहायला बसलेला विद्यार्थी बहुतेकदा एक प्रसंग शोधत असतो. त्या प्रसंगाआधीचा नायक आणि नंतरचा नायक असे दोन भाग पाडले की निबंधाचा आराखडा तयार होतो. छोट्या कथेला ही रीत चालते. आठशे पानांच्या कादंबरीत मात्र ती फसते, कारण तिथे माणूस एखाद्या प्रसंगात बदलत नाही. प्रसंग येतो तेव्हा तो बदलून चुकलेला असतो आणि लेखकाने ते कुठे कुठे टिपून ठेवलंय, हे वाचकाच्या ध्यानातही आलेलं नसतं.

हे शिकायला जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या डॉक्टर लिडगेटइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ही कादंबरी 1871-72मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. कथानक घडतं इंग्लंडमधल्या एका काल्पनिक गावात, 1829 ते 1832 या काळात. कादंबरीतली दुसरी मोठी व्यक्तिरेखा डोरोथिया. तिच्यावर भरपूर लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण हळूहळू होणारा बदल कसा वाचायचा, हे लिडगेट अधिक स्पष्ट शिकवतो. त्याच्या आयुष्यात खून नाही, युद्ध नाही, डोळे दिपवणारा पश्चात्तापही नाही. सत्तावीस वर्षांचा हुशार डॉक्टर पॅरिसला शिकून गावात येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ बिशा याने शरीरातल्या ऊतींवर जे काम केलं होतं, ते त्याला पुढे न्यायचं आहे. तापाच्या रोग्यांसाठी नवं रुग्णालय उभं करायचं आहे. तीन वर्षांच्या आत हा माणूस कर्जात बुडतो, त्याच्यावर संशय घेतला जातो आणि तो गाव सोडतो. पुढे श्रीमंत रोग्यांवर उपचार करून तो भरपूर कमावतो, संधिवातासारख्या श्रीमंतांना छळणाऱ्या दुखण्यावर पुस्तक लिहितो आणि पन्नासाव्या वर्षी घटसर्पाने मरतो. जगाच्या नजरेत तो यशस्वी झालेला असतो आणि स्वतःच्या नजरेत हरलेला.

आता प्रश्न असा की तो कधी बदलला? रोझमंडशी लग्न केलं तेव्हा, असं उत्तर पटकन सुचतं. सुंदर, लाडावलेली, गोड बोलून स्वतःचंच खरं करणारी बायको मिळाली आणि नवऱ्याचं वाटोळं झालं, असा निबंध दहा मिनिटांत लिहून होतो. तो चुकीचा आहे. असं लिहिणारा लिडगेटच्या परिस्थितीचा बदल सांगतो, लिडगेटचा नाही. परिस्थिती आणि माणूस यांत गल्लत झाली आहे का, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे. निबंधातलं वाक्य घ्या आणि त्यातली घटना काढून टाका. ‘कर्ज झालं आणि तो खचला’ यातून कर्ज काढलं तर माणसाबद्दल काहीच उरत नाही. उलट ‘पैशामुळे माणसं काय काय करतात याची पूर्वी त्याला कल्पनाच करता येत नव्हती, नंतर ती अनुभवाने आली’ या वाक्यात माणूस शिल्लक राहतो. निबंध अशा वाक्यांवर उभा राहायला हवा.

असं वाक्य मिळवायचं कसं? कादंबरी सरळ रेषेत न वाचता जोड्या शोधून. लेखक चांगला असेल तर तो एकाच जातीचा प्रसंग नायकापुढे पुन्हा आणतो आणि फरक आपल्याला दिसावा म्हणून बाकीच्या गोष्टी शक्य तितक्या सारख्या ठेवतो. लिडगेटच्या बाबतीत अशी एक जोडी अठराव्या आणि सहासष्टाव्या प्रकरणात आहे.

अठराव्या प्रकरणात रुग्णालयाच्या धर्मगुरूची पगारी जागा भरायची असते. एका बाजूला फेअरब्रदर हा गरीब, भला, विनोदी पाद्री आहे. आई, बहीण, मावशी असं घर त्याला पोसायचं आहे. दुसऱ्या बाजूला टाइक नावाचा माणूस आहे. गावातला पैसेवाला बँकर बल्स्ट्रोड त्याच्या मागे उभा आहे आणि नव्या रुग्णालयाची सूत्रंही बल्स्ट्रोडच्याच हाती आहेत. लिडगेटला फेअरब्रदर आवडतो. पण तो पैसे लावून पत्ते खेळतो आणि जिंकलेल्या पैशांवर त्याची मदार असते, हे लिडगेटला खटकतं. लेखिका इथे थांबून सांगते की, लिडगेट श्रीमंत नसला तरी आपण गरीब आहोत असं त्याला कधी जाणवलं नव्हतं. म्हणून पैशाची चणचण माणसाला कुठे नेते, याचा अंदाज त्याला करता येत नव्हता. तो सभेला उशिरा पोचतो, तेव्हा मतं समसमान झालेली असतात. एक डॉक्टर टोमणा मारतो की लिडगेट कुणाला मत देणार हे सगळ्यांना ठाऊकच आहे. चिडलेला लिडगेट टाइकचं नाव लिहितो.

हा प्रसंग संथपणे वाचावा लागतो. लिडगेटने मत विकलं नाही. टोमणा ऐकून तो रागावला, आणि आपण कुणाच्या दबावाला भीत नाही हे दाखवण्याच्या नादात त्याने नेमकं तेच केलं, जे दबावाखाली वागणाऱ्याने केलं असतं. मनात मात्र त्याच्याजवळ एक स्वच्छ कारण होतं, फेअरब्रदरचे पत्ते. निबंध लिहिणाऱ्याने वहीत टिपायची ती हीच गोष्ट: माणसाने काय केलं, आणि ते करताना स्वतःला काय सांगितलं. दुसरा रकाना पहिल्याहून महत्त्वाचा असतो.

सहासष्टावं प्रकरण. लग्न होऊन गेलंय, घरातलं सामान उधारीवर आलंय, देणी थकली आहेत. ‘ग्रीन ड्रॅगन’ या खाणावळीत लिडगेट बिलियर्ड्सवर पैसे लावतो आहे. पॅरिसमध्ये असताना त्याने जुगार पुष्कळ पाहिला होता, पण एखादा रोग पाहावा तसा, बाहेरून. आता तो स्वतः त्यात आहे. एलियटने इथे नजर बदलली आहे, हे फार महत्त्वाचं. लिडगेटचा हा चेहरा आपल्याला दिसतो तो रोझमंडचा भाऊ फ्रेड याच्या डोळ्यांनी. हा फ्रेड आजवर घरातला उधळ्या पोरगा होता, आणि तोच लिडगेटला तिथून बाहेर काढतो. त्यासाठी तो निमित्त सांगतो ते खाली फेअरब्रदर आलाय याचं. ज्या पाद्र्याच्या पत्त्यांवर अठराव्या प्रकरणात लिडगेटने मनातल्या मनात निकाल दिला होता, त्याचंच नाव इथे पुन्हा येतं. या दोन प्रकरणांच्या मध्ये जवळजवळ पन्नास प्रकरणं आहेत. दोन्ही शेजारी ठेवली की बदल दिसतो, कारण प्रश्न तोच आहे: पैशासाठी खेळावं का?

आता तिसरा प्रसंग, आणि माझ्या मते सगळ्या कादंबरीतला सर्वांत बारीक. बल्स्ट्रोड आधी लिडगेटला मदत नाकारतो. मग त्याला छळणारा, त्याचा भूतकाळ जाणणारा रॅफल्स हा दारुडा त्याच्याच घरात आजारी पडतो. उपचाराला लिडगेट येतो. त्या काळी अशा रोग्याला दारू आणि भरपूर अफू देण्याची रीत होती. लिडगेट नव्या मताचा. दारू अजिबात द्यायची नाही, अफू मोजकी आणि कुठे थांबवायची ते ठरवून, असं तो बजावतो. त्याच सुमारास बल्स्ट्रोड मन बदलून त्याला हजार पौंडांचा धनादेश देतो. रात्री रोग्याजवळ बसलेल्या बाईला अफू कधी थांबवायची ते सांगितलं जात नाही आणि पुढे ब्रँडीच्या कपाटाची किल्लीही दिली जाते. सकाळी लिडगेट येतो तेव्हा रॅफल्स शेवटचा श्वास घेत असतो. लिडगेटला काहीतरी खटकतं. तो विचारत नाही.

इथे लिडगेटने काहीही केलेलं नाही, आणि तेच वाचायचं आहे. गावात कुजबुज सुरू झाल्यावर त्र्याहत्तराव्या प्रकरणात तो स्वतःला विचारतो: ते पैसे मिळाले नसते तर मी चौकशी केली असती का? रोग्याच्या जिवाची जबाबदारी हा तर असा मुद्दा होता की त्यावर तो एरवी कुणाचंच ऐकून घेणारा नव्हता. अठराव्या प्रकरणात त्याने स्वतःला खोटं, पण खंबीर कारण सांगितलं होतं. आता तो सांगतो की वैद्यकात सगळंच अनिश्चित असतं, इतर डॉक्टर आपल्याच उपचारांना चूक म्हणतील. ही विधानं खोटी नाहीत. पण पूर्वीचा लिडगेट त्यांच्या आड उभा राहिला नसता. बदल म्हणतात तो हा. कृतीत नाही, न विचारलेल्या प्रश्नात आणि त्या गप्प राहण्याला मिळालेल्या सभ्य कारणात तो दिसतो.

एवढ्यावर निबंध थांबवला तर तो अपुरा राहील, कारण काय बदललं नाही हेही मोजायला हवं. एकाहत्तराव्या प्रकरणात गावच्या सभेत बल्स्ट्रोडची उघड नाचक्की होते. तो उठतो आणि त्याचा तोल जातो. आपण आत्ता त्याला आधार दिला तर आपल्यावरचा संशय पक्का होईल, हे लिडगेटला कळतं. तरी तो हात देतो आणि त्याला बाहेर नेतो. आजारी माणूस समोर आहे म्हणून पुढे जाणारा डॉक्टर अजून शाबूत आहे. बदलाचं माप या न बदललेल्या भागावरूनच कळतं. सगळाच माणूस कुजला असता तर गोष्ट सोपी झाली असती आणि वाचकाला हळहळही वाटली नसती.

याच्याच जोडीला बदलाचं बी कुठे आहे तेही शोधायला हवं. पंधराव्या प्रकरणात, त्याच्या पहिल्या सविस्तर ओळखीत, एलियट सांगून ठेवते की या माणसाची असामान्य बुद्धी काही बाबतींत पोचतच नव्हती. घरातलं सामान, स्त्रिया आणि आपल्या घराण्याचा मोठेपणा या विषयांत तो चारचौघांसारखाच विचार करत होता. लग्नाआधी तो महागडी जेवणाची भांडी घेतो, ती याच भागातून. त्यात त्याला उधळपट्टी दिसतच नाही. चांगल्या घरात चांगली भांडी असायचीच, इतकं ते त्याला स्वाभाविक वाटतं. म्हणून रोझमंडवर सगळा दोष टाकणारा निबंध फसतो. तिने त्याच्या मनातली आधीच उघडी असलेली दारं वापरली. तिने केलेलं नुकसान खरं आहे, पण ते तिथेच झालं जिथे तो आधीच बेसावध होता.

मग तो बदलला, की आत होतं ते फक्त उघड झालं? ‘मिडलमार्च’च्या बाबतीत दोन्ही उत्तरांना पुरावा सापडतो, आणि निबंधाचा खरा वाद इथेच घालायचा. माझं मत बदलाच्या बाजूचं आहे. पंधराव्या प्रकरणातलं बी तसंच राहून दुसऱ्या गावात, कमी कर्जात, वेगळ्या बायकोबरोबर कधी उगवलंच नसतं. न विचारण्याची सवय मात्र त्याला या तीन वर्षांत लागली, आणि कादंबरीचा समारोप नीट वाचला तर ती नंतरही सुटलेली दिसत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने अठ्ठावन्नावं प्रकरण पुन्हा काढावं. कर्जाची गोष्ट तो बायकोला पहिल्यांदा सांगतो तो हा प्रसंग. तिथे तो किती वेळा बोलायला जातो आणि किती वेळा शब्द गिळतो, ते पेन्सिलने खूण करत वाचावं.