चित्रातला पेला

काही वर्षांपूर्वी दहा महिन्यांची एक मुलगी आमच्या वॉर्डात दाखल झाली. दोन दिवस जुलाब होत होते. आशाताईंनी दिलेली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, आई नेमाने पाजत होती. तरीही मुलगी सारखी किरकिर करत होती, तिची तहान भागत नव्हती आणि सकाळी तिला झटका आला. तपासणीत रक्तातले सोडियम फार वाढलेले निघाले. मी आईला विचारले, "पुडी कशात कालवली होती?" ती म्हणाली, "पेल्यात. ताईंच्या चित्रात तसंच होतं."

आशाताईंकडचा चित्रांचा तक्ता मागवून पाहिला. एका पानावर पुडी, पातेले आणि पेला अशी तीन चित्रे ओळीने होती. काढणाऱ्याच्या मनातला अर्थ होता: पुडी पातेल्यात कालवा आणि पेल्याने पाजा. आईने मात्र पुडी आणि पेला एवढेच लक्षात ठेवले होते.

या चुकीची किंमत समजून घेऊ. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती बरोबर कालवली तर लिटरभर पाण्यात ७५ मिलीमोल सोडियम येते. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असते. तीच पुडी २०० मिलीच्या पेल्यात टाकली, की प्रमाण पाचपट होऊन ३७५ वर जाते. असे खारट पाणी शरीराची तूट भरून काढत नाही, उलट पेशींमधले पाणी बाहेर ओढते. त्या मुलीचे सोडियम आम्हाला सावकाश, दोन दिवसांत खाली आणावे लागले, कारण घाईने उतरवले तर मेंदूला सूज येते. ती बरी होऊन घरी गेली.

म्हणून अशा तक्त्यात एका पानावर एकच कृती हवी. पहिल्या पानावर साबणाने हात धुणे. दुसऱ्यावर एक लिटर स्वच्छ पाणी मोजणे. त्यासाठी गावात मिळणारी पाण्याची लिटरची बाटली, खऱ्या आकाराच्या जवळपास काढलेली. तिसऱ्यावर पूर्ण पुडी रिकामी करणे, कारण 'लहान मूल म्हणून अर्धीच' ही चूकही नेहमी होते. बाजारात २०० मिलीची छोटी पुडीही मिळते. ती लिटरभर पाण्यात टाकली तर पाणी फारच सौम्य होते. तेव्हा चित्रातली पुडी आणि ताईंच्या पिशवीतली पुडी एकच हवी. चुकीच्या कृतीवर फुली मारलेले चित्र शक्यतो टाळावे. फुलीचा अर्थ 'नको' असा प्रत्येकीला लागतोच असे नाही.

तक्ता छापण्याआधी एक सोपी परीक्षा घेता येते. काहीही न सांगता चार-पाच आयांना चित्र दाखवायचे आणि विचारायचे, "यात काय चाललंय?" उत्तर वेगळे आले तर बदलायचे ते चित्र.

दुसरी अडचण समजुतीची आहे. "ओआरएस दिलं तरी जुलाब थांबत नाहीत," म्हणून अनेक आया ते बंद करतात. ओआरएस जुलाब थांबवत नाही, गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. हे शब्दांनी पटत नाही, डोळ्यांना दिसले की पटते. डेव्हिड वर्नर आणि बिल बोअर यांच्या १९८२ च्या पुस्तकात त्यासाठी भोपळ्याचे बाळ आहे. पोकळ भोपळ्याला खाली भोक पाडून बूच लावायचे, पाणी भरायचे आणि वरच्या तोंडावर ओले फडके ठेवायचे. बूच काढले की पाणी गळते आणि फडके खोल जाते. हीच बाळाची खोल गेलेली टाळू. भोक लगेच बुजवता आले नाही, तरी वरून पाणी ओतत राहिले तर पातळी टिकते. आमच्या प्रशिक्षणात हेच आम्ही प्लास्टिकच्या बाटलीवर दाखवतो.

शेवटची पाने मात्रेची आणि धोक्याच्या खुणांची. दोन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यायचे. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठायचा.

तक्ता मिटल्यावर ताईंनी विचारू नये, "समजलं का?" त्याला सगळ्याजणी मान डोलावतात. पुडी आईच्या हातात द्यावी आणि म्हणावे, "आता तुम्ही मला करून दाखवा." ती कोणते भांडे उचलते ते बघावे. नंतर तयार पाणी दोघींनी चाखावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि नव्याने करावे.