परत आलेला शर्ट मोजून पाहा

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या छोट्या युनिटचा सगळा हंगाम जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास पार पडतो. जुलैत दुकानदारांकडून गठ्ठे परत येऊ लागले की बोलणी बसतात ती चेकरला. तिच्या यादीत मात्र शिलाई, काज-बटण, धागे, डाग, प्रेस या सगळ्यांपुढे बरोबरची खूण असते, आणि बहुतेक वेळा ती खोटीही नसते. दोष शिलाईत नसतोच.

तो कुठे आहे हे तक्रारवही सांगते, पण ती नीट आखलेली हवी. ‘माल खराब’ एवढंच लिहिलं तर वही रद्दीत घातलेली बरी. साइज, कापडाचा लॉट, कटिंगची तारीख, गिऱ्हाइकाचे शब्द, आणि कपडा धुतला होता का, एवढे रकाने पुरतात. लॉट आणि तारीख कळायची तर कटिंगच्या वेळीच लेबलमागे बारीक शिक्का मारायला हवा. नंतर कुणालाच आठवत नाही.

समजा, आठशे शर्टांपैकी छत्तीस परत आले. एकवीस जणांची तक्रार ‘लहान होतो’. मालकाला वाटतं, कटिंग मास्तर चुकला. पण वहीत दिसतं की एकवीसपैकी एकोणीस शर्ट धुतल्यावर परत आले आणि त्यातले सतरा एकाच लॉटचे आहेत. म्हणजे माप बरोबर होतं, कापड आटलं.

याची चाचणी स्वस्त आहे. नव्या लॉटमधून तुकडा घ्यायचा, किनारीपासून दूर 50 सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनने आखायचा, घरच्यासारखा तीनदा धुऊन वाळवायचा आणि न ताणता उभा-आडवा मोजायचा. उभ्यात 48.5 भरलं तर आटणं 3 टक्के. तयार 60 सेंटिमीटर उंचीचा शर्ट मग 58च्या आसपास येतो. ती उंची टिकवायची तर पॅटर्न 62च्या जवळ न्यावा लागतो, नाहीतर लॉट गिरणीला परत करावा लागतो. ताके कापल्यावर मात्र दोन्ही वाटा बंद होतात.

म्हणून यादीतली ही ओळ पॅकिंगच्या टेबलावर नको, कापड उतरवून घेणाऱ्याच्या हातात हवी. तिथेही खुणेची चौकट ठेवू नये, आकडा लिहायला जागा ठेवावी. खूण न बघताही करता येते, 48.5 लिहायला टेप हातात घ्यावाच लागतो. आणि यादी चाळीस ओळींची केली तर चेकर ती वाचणार नाही, हेही गृहीत धरावं. वहीत वारंवार येणारे दोष तेवढे यादीत ठेवावेत.

वहीलाही मर्यादा आहे. हंगाम सरल्यावर न खपलेला माल काही दुकानदार ‘खराब’ म्हणून परत टाकतात. ऑगस्टमधली अशी नोंद करण्याआधी कपडा हातात घेऊन मोजावा. घडीवर प्रेसची मूळ रेघ तशीच असेल आणि माप जुळत असेल, तर ती नोंद दोषांत न धरता विक्रीच्या हिशेबात जाते.