सभेआधीचे एक पान : निर्णय मागणारी टिपणी कशी लिहावी

आमच्या सभागृहाच्या गच्चीचा विषय कार्यकारी मंडळाच्या तीन सभांच्या विषयपत्रिकेवर होता. तिन्ही इतिवृत्तांत शेवटी एकच वाक्य आहे : "चर्चा झाली. विषय पुढील सभेत घ्यावा." दरम्यान पावसाळा आला आणि वाचनालयाच्या वरच्या फळीवरची पुस्तके भिजली. पैसे नव्हते असे नाही, कोणाचा विरोधही नव्हता. विषयपत्रिकेवर फक्त "गच्ची दुरुस्तीबाबत" एवढेच लिहिलेले होते. नेमके काय ठरवायचे आहे, हे सभेत बसल्यावरही कोणाला सांगता येत नव्हते.

चौथ्या सभेआधी आम्ही दरपत्रके आणि अभियंत्याचा अहवाल यांच्यावर एका पानाची टिपणी जोडली आणि ती सात दिवस आधी सर्वांना पाठवली. विषय वीस मिनिटांत संपला. ती टिपणी कशी बेतली होती, ते इतर मंडळांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिले वाक्य ठरावाचे

टिपणीची सुरुवात इतिहासापासून करण्याचा मोह होतो : गच्ची कधी बांधली, गळती कधी सुरू झाली, कोणी काय सांगितले. हे सारे खाली किंवा सोबतच्या कागदांत जाऊ द्यावे. वर यावे ते मागितलेल्या निर्णयाचे वाक्य. आमचे असे होते :

"सभागृहाच्या ३,००० चौरस फूट गच्चीचे संपूर्ण वॉटरप्रूफिंग, करासहित कमाल ४,७०,००० रुपये खर्चून, दुरुस्ती निधीतून करण्यास मंजुरी द्यावी. काम १५ एप्रिलला सुरू व्हावे."

याची परीक्षा सोपी आहे. कार्यवाहांना हे वाक्य जसेच्या तसे इतिवृत्तात उतरवता आले पाहिजे. काय, किती, कोणत्या निधीतून आणि केव्हा, यांपैकी एक जरी गाळले तरी सभेनंतर कोणीतरी फोन करून विचारणारच. "विचार व्हावा" किंवा "योग्य तो निर्णय घ्यावा" असे लिहिले, तर निर्णय मागितलेलाच नाही असे समजावे.

त्याखाली निर्णय याच सभेत का हवा, याची एक ओळ होती. निधीची मुदत ठेव १० एप्रिलला पूर्ण होणार होती. बँकेला आधी कळवले नसते तर तिचे आपोआप नूतनीकरण झाले असते आणि नंतर मुदतीपूर्वी मोडताना व्याज कमी मिळाले असते. शिवाय इंदुरात जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, त्याआधी काम आटोपणे भाग होते.

पर्याय खरे असावेत

आम्ही तीन पर्याय मांडले. एक, दरवर्षीप्रमाणे भेगा बुजवून वरून थर देणे : वर्षाला ४५,००० रुपये. दोन, जुना कोबा काढून पूर्ण वॉटरप्रूफिंग करणे, त्यावर सात वर्षांची हमी. तीन, गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे छप्पर घालणे : करासहित सुमारे ८,१४,००० रुपये, आणि महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच.

बरेचदा "काहीच न करणे" किंवा "आहे तेच चालू ठेवणे" हा पर्याय टिपणीत नसतो, आणि सभेत नेमका तोच जिंकतो. म्हणून त्याचीही किंमत लिहावी, आणि ती प्रामाणिकपणे. आजच्या दराने सात वर्षांची डागडुजी ३,१५,००० रुपयांत होते, म्हणजे पूर्ण कामापेक्षा स्वस्त. हे आम्ही लपवले नाही. पुढच्याच ओळीत लिहिले की अभियंत्याला दोन ठिकाणी छताचा गिलावा सुटून सळ्या गंजलेल्या दिसल्या आहेत, वरवरच्या थराने मुरणारे पाणी थांबत नाही, आणि स्लॅबची दुरुस्ती निघाली तर तिचा खर्च या ३,१५,००० मध्ये धरलेला नाही. आपल्या शिफारशीला अडचणीचा ठरणारा आकडा आपणच आधी सांगितला, तर सभेत त्यावर वेळ जात नाही.

आर्थिक परिणाम म्हणजे फक्त दरपत्रक नव्हे

दरपत्रकात आकडा होता ३,६०,००० रुपये, म्हणजे चौरस फुटाला १२०. तोच मंजूर झाला असता तर पुढे पेच पडला असता, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ६४,८०० रुपये मिळवले की ४,२४,८०० होतात. जुना कोबा फोडल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून १० टक्के, म्हणजे ४२,४८० रुपये जास्तीचे धरले. बेरीज ४,६७,२८०. मंजुरी मागितली ती ४,७०,००० च्या मर्यादेची.

बिलात न दिसणारा खर्च वेगळा लिहिला. तोडफोडीमुळे सभागृह तीन आठवडे बंद राहणार होते. त्या दिवसांत साधारण सहा कार्यक्रम होतात, भाडे प्रत्येकी १२,००० रुपये. म्हणजे ७२,००० रुपयांचे उत्पन्न बुडणार. ठेवीतून ४,७०,००० काढल्यावर ७ टक्क्यांनी वर्षाचे ३२,९०० रुपये व्याजही जाणार. हे कोषाध्यक्षांच्या पुढच्या अंदाजपत्रकात दिसणारच होते, मग सभेला आजच कळलेले बरे.

शेवटी निधीची स्थिती. दुरुस्ती निधीत ७,००,००० रुपये होते, कामानंतर २,३०,००० उरतील. देणगीदारांनी ठरावीक हेतूने दिलेल्या कायम निधीला हात लागणार नाही, हे स्पष्ट लिहिले. जिथे तसा हात लावावा लागेल, तिथे संस्थेची घटना आणि लेखापरीक्षकांचे मत पाहिल्याशिवाय टिपणी पाठवूच नये.

शिफारस, कारण आणि अटी

शिफारस दुसऱ्या पर्यायाची होती. कारण एकच दिले : पाणी सळ्यांपर्यंत पोचणे थांबवणारा आणि निधीत बसणारा हा एकमेव पर्याय आहे. शिफारशीला पाच कारणे जोडली की सभेत पाचव्या, सर्वांत कच्च्या कारणावरच वाद होतो.

सोबत दोन अटी होत्या. गच्चीवर पाणी साठवून ४८ तासांची चाचणी झाल्याशिवाय ठेकेदाराला शेवटचे २० टक्के द्यायचे नाहीत. आणि खर्च मर्यादेबाहेर जाऊ लागला तर काम पुढे नेण्याआधी विषय पुन्हा मंडळासमोर आणायचा. एका दरपत्रकाचा ठेकेदार मंडळातल्या एका सभासदांचा नातलग होता, तेही टिपणीत नमूद केले. ते सभासद या विषयाच्या मतदानापासून दूर राहिले. हे सभेनंतर कोणाला कळले असते, तर चांगल्या निर्णयावरही बोट ठेवले गेले असते.

एक मर्यादा

अशा टिपणीने मतभेद मिटत नाहीत. आमच्याही सभेत दोघांनी पत्र्याच्या बाजूने मत दिले, कारण त्यांना गच्चीवर बालवर्ग भरवायचा होता. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले आहे. पण वाद झाला तो कोणता पर्याय घ्यावा यावर. आकडे कोणते खरे, विषय काय आहे आणि गेल्या वेळी काय ठरले होते, यावर कोणालाही बोलावे लागले नाही. त्या जून महिन्यात वाचनालयाच्या वरच्या फळीवर पुस्तके परत लागली होती.