एका पिकोसेकंदाची किंमत

झोक्यावरच्या मुलाचा फोटो काढताना बटण क्षणभर उशिरा दाबलं, तर काय होतं? झोका टोकाला असेल तर काही बिघडत नाही, कारण तिथे तो जवळपास थांबलेलाच असतो. तो खालून सपकन जात असेल, तर मात्र मूल भलत्याच जागी दिसतं. विद्युत लहरीचे आकडे करणाऱ्या ‘एडीसी’ चिपची अडचण हीच आहे. क्लॉकचा ठोका पडला की ती लहरीचा एक नमुना टिपते. ठोके कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा पडतात. या डळमळीला ‘जिटर’ म्हणतात.

एफएम रेडिओच्या पट्ट्यातली, 100 मेगाहर्ट्झची लहर घेऊ. ती शून्यापासून एक व्होल्ट वर आणि एक व्होल्ट खाली जाते. शून्य ओलांडताना तिचा वेग सर्वांत जास्त असतो: एका पिकोसेकंदात सुमारे 0.63 मिलिव्होल्ट. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 0.3 मिलिमीटर सरकतो. आता या दोन व्होल्टच्या पट्ट्याचे 14 बिटची चिप 16,384 भाग करते, म्हणजे एक पायरी 0.12 मिलिव्होल्टची. एका पिकोसेकंदाच्या चुकीत पाच पायऱ्या गेल्या!

हिशोबाचं सूत्र छोटं आहे:

```
SNR = -20 log10(2π f t)
```

इथे f ही आत येणाऱ्या लहरीची वारंवारता आणि t हा जिटरचा सरासरी आकार (आरएमएस). 100 मेगाहर्ट्झ आणि एक पिकोसेकंद घातले की उत्तर येतं 64 डेसिबल. आदर्श 14 बिट चिप कागदावर 86 डेसिबल देते. म्हणजे पैसे 14 बिटचे मोजले आणि हाती लागले दहाच्या आसपास. गंमत अशी, की नमुने सेकंदाला किती घेतले हे सूत्रात कुठेच नाही.

दोष जिटरचाच आहे हे ओळखायचं कसं? लहर 10 मेगाहर्ट्झवर आणून पुन्हा मोजायचं. वेग दहापट कमी झाला, की जिटरचा गोंगाटही 20 डेसिबलने उतरतो, आणि आदर्श 14 बिट चिपचं एकूण मोजमाप 64 वरून 82 च्या घरात जातं. आकडा हललाच नाही, तर चोर दुसरा. मात्र चाचणीची लहर देणारा जनरेटर स्वतःच डळमळत असेल, तर चिपवर उगाच आळ येतो. म्हणून त्याच्यापुढे अरुंद फिल्टर लावतात.

चिपचा स्वतःचा जिटर 0.1 पिकोसेकंद आणि क्लॉकचा एक असेल, तर दोन्हींची वर्गबेरीज होऊन एकूण 1.005 भरतो. अशा वेळी महागडी चिप आणून काही साधत नाही. क्लॉक डिजिटल चिपमधून फिरवून आणला की तिथला गोंगाट त्याला चिकटतो. त्याची कड संथ चढत असली, तरी त्यावरचा गोंगाट वेळेच्या चुकीत बदलतो. स्वच्छ क्रिस्टल ऑसिलेटरचा, झटकन चढणारा क्लॉक थेट एडीसीला जोडणं, हाच सर्वांत स्वस्त उपाय. 100 मेगाहर्ट्झवर 74 डेसिबल हवे असतील, तर सगळा जिटर मिळून 0.32 पिकोसेकंदांच्या आत राहिला पाहिजे.